धुतलेल्या चाकाचा फोटो

कोरेगावच्या बाजाररस्त्याला नानासो बर्गे यांचं टायरचं दुकान आहे. अठरा वर्षं त्यांनी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांची चाकं सांभाळली. पेन्शन घेऊन गावी आले, तरी जुने जवान राजस्थानातून, आसामातून टायरचे फोटो पाठवून विचारतात, 'नाना, चालंल का?' त्यांच्या पत्नी रंगूबाई म्हणतात, "लोकांच्या मोबाईलात नातवंडांचे फोटो. आमच्या मालकांच्यात बघावं तवा चाकं!"

मी त्यांना फोटो पाठवले ते शिवांजलीसाठी. माझ्या या मुलीला सांगलीत नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि साताऱ्याहून ती एकटीच गाडी घेऊन जाणार होती. गाडी सात वर्षांची. हे सीमेवर, त्यामुळे गाडी बहुतेक वेळ दारातच उभी असायची. त्या जुन्या चाकांवर तिला एवढ्या लांब पाठवायला माझं मन धजत नव्हतं.

"आई, तुला पायरी उतरायचीसुद्धा भीती वाटते," शिवांजली म्हणाली. शेजारच्या धैर्यशीलभाऊंनी टायरच्या खाचेत नख घालून दाखवलं. "वैनी, केवढी खोल हाय बघा! नवा टायर ह्यो. उगं पोरीला अडवू नका."

माझी भीती खरी की नुसता स्वभाव, हे मलाही कळत नव्हतं. यांच्या ओळखीने नानांचा नंबर मिळाला. फोटो नीट यावेत म्हणून मी आधी चारही चाकांना काळं पॉलिश लावलं. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"ताई, चाकाला मेकप कशाला केला? स्थळ दाखवायचं हाय व्हय? पॉलिशखाली चिरा झाकत्यात. साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळू द्या. मग बॅटरीचा उजेड समोरनं न्हाई, तिरका मारा. चिरंत सावली पडंल. आन् टायरवरचे तारखेचे चार आकडे बी धाडा."

त्यांनी सांगितलं तसं मी केलं. मागच्या डाव्या चाकावर उजेड तिरका पडला आणि माझा हात थबकला. गुळगुळीत वाटणाऱ्या रबरावर, रिमच्या थोडं वर, गोलाकार चीर उमटली होती. रोज तिथूनच मी तुळशीला पाणी घालायला जात होते.

नानांनी फोटो पाहून पुन्हा फोन केला. "आकडे सत्तावीस-अठरा. म्हंजी दोन हजार अठराचा सत्ताविसावा आठवडा. खाचंच्या तळाला आडवी पट्टी अस्ती. रबर झिजून तिच्या बरूबर आलं की टायर संपला. तुमचं लय वर हाय, शेजारी खोटं बोलत न्हाईत. पर दोन्ही कडा मधल्यापरीस जास्त झिजल्यात. हवा कमी ठेवून गाडी पळवलीय."

हे सुट्टीवर आले की घाईत असतात, हवा तपासत नाहीत.

"आन् मागच्या डाव्या चाकावर दुपारचं ऊन येतं का? बाकीच्यांवर सावली असंल."

मी बाहेर जाऊन पाहिलं. तीन वाजले होते. गाडीवर जांभळाची सावली होती आणि ऊन त्या एकाच चाकावर होतं. वीस किलोमीटरवर बसलेल्या माणसाला माझ्या अंगणातलं ऊन कसं दिसलं?

"बाकीची तीन चांगली आहेत ना?" मी विचारलं.

"फोटो बघून 'बदला' म्हणता येतंय, ताई. 'चांगलाय' म्हणता येत न्हाई. चीर किती आत गेलीय ते हाताला कळतं. गाडी हलवू नका, मीच येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवे टायर घेऊन आले. तीन चाकांवरून त्यांचा अंगठा सावकाश फिरला. बारीक चिरांची जाळी होती, पण वरवरची, नख अडकत नव्हतं. चौथा टायर रिमवरून काढून त्यांनी दोन्ही हातांनी वाकवला. चीर उघडली आणि आत टायरचा भार पेलणारे, पोत्याच्या सुतळीसारखे धागे दिसले.

धैर्यशीलभाऊ तिथेच उभे होते. "आयला," एवढंच म्हणाले.

"टायर पळून म्हातारा हुतो, तसा उन्हात उभा ऱ्हाऊन बी हुतो," नाना म्हणाले. मागचे दोन्ही टायर त्यांनी जोडीने नवे घातले. पुढचे दोन सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले, आणि चारही चाकांत हवा मापून भरली.

मला राहवलं नाही. "रस्त्यात फुटला असता का हो?"

"ते मला म्हाईत न्हाई. सांगलीपतूर गेला बी असता. पर ह्याच्यावर पोरगी बसवायची न्हाई, एवढं म्हाईत हाय."

मग तो टायर दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून त्यांनी सुरी काढून त्याची बाजू आरपार कापली. शिवांजली शेजारी बसून ते धागे बोटाने चाचपत होती. सोमवारी सकाळी ती निघाली, तेव्हा मी तिला थांबवलं नाही.