भट्टीचा विषय शेवटी

बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी. नवरा गेल्यावर दिराने तिला कारखान्यात आणलं, फाटकावर "ही माझी वहिनी" असं सांगितलं आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. दीर भट्टीवर, ती तपासणीच्या पट्ट्यावर. दिव्यासमोरून सरकणाऱ्या बाटल्यांतली तडा गेलेली तिच्या नजरेतून सुटत नसे. अशी नजर युनियनला हवीच असते. बघता बघता बाई सेक्रेटरी झाल्या.

यंदा नव्या कराराची बोलणी तिच्या गळ्यात पडली. बूट, बायकांसाठी विश्रांतीची आणि कपडे बदलायची खोली, पाळ्या आठवडाभर आधी कळणं, हे विषय सोपे. अवघड एकच, भट्टीचा. उष्णतेने छाती निकामी झालेल्या माणसाला कंपनी सरळ घरी बसवत असे. युनियन म्हणे, त्याला हलकं काम द्या. आणि दिराला डॉक्टरांनी नुकतंच भट्टीसाठी अपात्र ठरवलं होतं. करार होईपर्यंत तो रजेवर होता.

आधी काय घ्यायचं, यावरूनच कमिटीत जुंपली. भट्टीवाले म्हणत, आमचा विषय पहिला. पण मागच्या वेळी तसंच केलं होतं. पहिल्याच बैठकीत दोन्ही बाजू तावातावाने उठल्या आणि कित्येक महिने कुणी कुणाचं तोंड पाहिलं नाही. त्याआधीच्या करारात सोपं आधी घेतलं, एकेका विषयावर सही करून चहा प्यायले, आणि अवघड विषय आला तेव्हा कंपनीचे साहेब म्हणाले, "एवढं दिलं, अजून काय?" तेव्हा युनियनच्या हातात देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात भट्टीचा विषय म्हणजे दिराचा, म्हणून वहिनीची जीभ अडखळायची. विषय पहिला ठेवला तर लोक म्हणणार घरचं काम, शेवटी ठेवला तर म्हणणार भ्याली.

ती निवृत्त सेक्रेटरीकडे गेली. त्यांना सगळे मामा म्हणत.

"सोपंच आधी घे," मामा म्हणाले. "माणसाला हो म्हणायची सवय लागू दे. पण सही कशावरच करू नकोस. सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलं नाही, हे विषयपत्रिकेच्या डोक्यावरच लिहून घे. आणि कंपनीला जे हवंय, ते भट्टीच्या शेजारी ठेव."

कंपनीला हवी होती फिरती साप्ताहिक सुट्टी, प्रत्येकाची वेगळ्या वारी, म्हणजे भट्टी कधी बंद पडणार नाही. वहिनीने तो विषय भट्टीला बिलगून शेवटी लावला. सोप्यापासून सुरुवात म्हणताच साहेब खूश झाले, आणि विषयपत्रिकेच्या डोक्यावरचा नियमही त्यांनी मान्य केला.

बोलणी लोण्यासारखी सरकली. बूट मान्य, खोली मान्य, पाळ्याही मान्य. मग भट्टी आली आणि गाडं रुतलं. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "जे ठरलंय त्यावर आज सही करू. खोलीचं काम सोमवारी सुरू. भट्टीचं आणि सुट्टीचं पुढे बघू."

वहिनीने विषयपत्रिकेच्या डोक्यावरच्या ओळीकडे पाहिलं. हा नियम तिनेच घातलेला, पण तो आता तोंडाने म्हणायचा कसा? खोली थांबली तर बायका म्हणणार, दिरासाठी थांबली. कमिटीतल्या पॅकिंगच्या मावशी शेजारीच बसल्या होत्या. आजवर पोत्यांचा आडोसा करून कपडे बदलणारी ही बाई. खोलीसाठी सगळ्यांत जास्त त्याच भांडल्या होत्या. साहेबांनी पेन आधी त्यांच्यापुढेच सरकवलं.

मावशींनी ते उचललं, टोपण लावलं आणि परत ठेवलं.

"सगळं ठरेपर्यंत काहीच नाही, असं वर लिहिलंय ना साहेब? मग बसा. आम्हाला कपडे बदलायला पोती आहेत अजून."

साहेब बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. संध्याकाळपर्यंत रेटारेटी चालली. युनियनने फिरती सुट्टी दिली. कंपनीने छाती गेलेल्यांना तपासणी आणि पॅकिंगवर घ्यायचं कबूल केलं. मग सगळ्यावर एकदमच सह्या झाल्या.

जिन्यात वहिनीने मावशींचा हात धरला. डोळे भरून आले होते.

"माझ्या घरासाठी तुम्ही—"

"घर कसलं घेऊन बसलीस? माझा मुलगा भट्टीवरच आहे की. आज ना उद्या त्याचीही छाती बोलेलच." मावशी एक पायरी उतरून वळल्या. "आणि खोली हातची गेली असती ना, तर तुला रोज शिव्या घातल्या असत्या, हे मात्र लक्षात ठेव."

वहिनी रडता रडता हसली. सोमवारी दीर तपासणीच्या पट्ट्यावर आला. तिने त्याला आपल्या शेजारची खुर्ची दिली आणि पट्ट्यावरच्या बायकांना सांगितलं, "हे माझे भाऊजी."