मालन परबचे चाळीस तास

मालन परब हट्टी होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचताना तुम्हाला ती शहाणी वगैरे वाटेल. शहाणी असेल तर ते नंतर कळलं. हट्टी मात्र पहिल्याच दिवशी कळली.

मी मुलुंडच्या एका कंपनीत ड्रॉइंगचं रेकॉर्ड सांभाळायची. बॉयलरचे व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी. आमच्याकडे डिझाइन करणारे इंजिनिअर होते, पण त्यांच्या पेन्सिलीच्या नकाशांवरून ट्रेसिंग पेपरवर शाईने पक्की नक्कल उतरवायला माणसं कमी पडायची. ते काम आम्ही बाहेर देत असू. शहाऐंशी सालच्या जूनमध्ये मालन ते मागायला आली. भांडुप स्टेशनमागे इस्त्रीवाल्याच्या वर एक खोली, दोन ड्रॉइंग बोर्ड, एकावर ती स्वतः आणि दुसऱ्यावर कुंदा नावाची मुलगी. एवढा तिचा कारखाना.

आमचे साहेब टिपणीस. माणूस वाईट नव्हता, पण पैसा सुटताना त्यांचा जीव अर्धा व्हायचा. त्यांनी नेहमीसारखं सांगितलं, काम असेल तेव्हा बोलावू, होईल तेवढ्याचे पैसे देऊ.

"तसं नाही परवडत, साहेब," मालन म्हणाली. "मला महिन्याचे चाळीस तास बांधून द्या. पैसे एक तारखेला. काम द्या नाहीतर नका देऊ, चाळीस तास तुमचे."

"आणि काम निघालंच नाही तर?"

"उरलेले तास पुढच्या एका महिन्यात वापरा. जुने आधी कापायचे, मग चालू महिन्याचे. पुढच्या महिन्याअखेरही उरले तर गेले. आणि सगळे संपल्यावर जास्त लागले तर दीडपट."

टिपणीसांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. पण त्याआधीच्या ट्रेसरने ऐन निकडीच्या वेळी दोनदा हात वर केले होते. आपल्यासाठी कोणीतरी राखून ठेवलेलं असावं ही हौस साहेबांनाही होती. वर्षाचा करार झाला, जुलै ते जून.

हा चाळीस तासांचा हट्ट आला कुठून, ते मला पुढे कळलं. तिचे वडील काशीराम परब मालवणकडचे, मुंबईत गिरणीत बदली कामगार. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असला तर आत घेणार, नसला तर डबा तसाच घेऊन घरी. उभं राहिल्याचे पैसे नाहीत. चौदा वर्षं ते असे उभे राहिले, मग संप झाला आणि गेटच बंद झालं. त्या न उघडलेल्या डब्यातली थंड भाकरी मालनने लहानपणी संध्याकाळी खाल्ली होती. कुंदाला तिने महिन्याचा पगार बांधला होता, काम असो वा नसो. आणि तो पगार आमच्या चाळीस तासांतून निघत होता. आमचा करार मोडला तर कुंदा घरी बसणार, किंवा बदली होणार. मालनला दुसऱ्या शक्यतेची जास्त चीड होती.

सुरुवातीचे महिने झकास गेले. ऑक्टोबरात एका निर्यातीच्या ऑर्डरमुळे कामाचा ढीग पडला. सप्टेंबरचे उरलेले तास आधी संपले, मग ऑक्टोबरचे संपत आले. शेजारच्या केमिस्टकडून तिचा फोन आला.

"वसुधाताई, आता चारच तास शिल्लक. पुढचं दीडपटीने. थांबू की करू, साहेबांना विचारा. हो म्हणाले तर चिठ्ठी पाठवा."

साहेब म्हणाले, "तिला सांग, नोव्हेंबरचे वापर."

मी सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "नोव्हेंबर आलाय कुठे अजून? त्या चाळीस तासांसाठी मी नोव्हेंबरात तुमच्यासाठी मोकळी राहणार आहे. ते आत्ता खाल्ले तर तेव्हा काय देऊ?"

साहेबांनी चिठ्ठीवर सही केली आणि दोन दिवस तोंड आंबट करून फिरले. पण नोव्हेंबरात खरंच निकड आली आणि तिचे तास जागेवर होते, हे त्यांनी माझ्यापाशी तरी कबूल केलं.

गंमत अशी, की त्या दीडपटीच्या धसक्याने साहेब उलट्या टोकाला गेले. आता ते तास वापरेचनात. दिवाळीचा फराळ पाहुण्यांसाठी राखून ठेवावा आणि पाहुणे येईपर्यंत चकल्या मऊ पडाव्यात, तसं. काम आलं की म्हणायचे, हे आपल्याच पोरांना करू दे, तिचे तास अडीअडचणीला राहू देत. मालन दर महिन्याच्या मध्याला येऊन सांगायची, यातले इतके जुने आहेत, महिनाअखेर जातील, काम द्या. साहेब मान डोलवायचे. जानेवारीत थोडे तास गेले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मार्चअखेर लक्षात आलं, कारण तेव्हा अकाउंट्सवाले दारात उभे असतात. फेब्रुवारीचे अठरा तास पडून होते आणि ती शेवटची तारीख होती. साहेबांनी मला बोलावलं.

"मालनकडे जा. अठरा तासांचं काम मार्चमध्ये केलं अशी चिठ्ठी लिहून घे. काम आपण एप्रिलमध्ये सवडीने देऊ. कागदावर तास वाया गेलेले दिसायला नकोत."

मी भांडुपला गेले. मालन बोर्डावर वाकून एका चुकलेल्या रेघेवरची शाई ब्लेडने हलक्या हाताने खरवडत होती. मी निरोप सांगितला. तिने ब्लेड खाली ठेवलं.

"नाही लिहिणार."

"अगं, तुझं काय जातं? पैसे तुला आधीच मिळालेत."

"एप्रिलमध्ये माझ्याकडे मार्चचे चाळीस असतील, एप्रिलचे चाळीस असतील, वर हे अठरा. सगळे एकदम मागितले तर दोन बोर्डांवर कुठून काढू? म्हणून तर तारीख ठेवलीय. आणि न केलेले तास केले म्हणून लिहिले, तर उद्या माझे केलेले तास कोण खरे मानेल?"

"साहेब जूनमध्ये करार मोडतील, मालन. मग हिचं काय?" मी कुंदाकडे बोट केलं. बोट करायला नको होतं, पण मला राग आला होता. तत्त्व माणसाने स्वतःच्या पगारावर पाळावं, दुसरीच्या नाही.

कोपऱ्यात स्टुलावर काशीराम बसले होते. ते दुपारचे तिथे येऊन बसत. त्यांनी आमच्याकडे न बघताच म्हटलं, "काल गेटार उभो रवलंय, तो दिवस आज कामाक येता काय?"

मी हात हलवत परत आले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. जूननंतर नको." अठरा तास गेले ते गेलेच.

चार दिवसांनी मालन स्वतः आली, एप्रिलचं काम न्यायला. चेहरा उतरलेला. मी रेकॉर्ड रूममध्ये एका जुन्या ट्रेसिंगची प्रिंट काढत होते. आमची मूळ ट्रेसिंगं पंचवीस-पंचवीस वर्षांची, पिवळी पडलेली, चिकटपट्टीने सांधलेली. हातातलं अमोनियाच्या प्रिंट मशीनमध्ये घातलं आणि पट्टीपाशी ते टरकन फाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं अमोनियाचं होतं, अर्धं माझं.

"अशी किती आहेत?" मालनने विचारलं.

"सगळं कपाट. नव्याने उतरवायला पाहिजेत. गेली सहा वर्षं सांगतेय."

"मग कधी करणार?"

"वेळ मिळेल तेव्हा."

मालनने फाटलेला तुकडा उचलला. "वसुधाताई, वेळ तर तुमचा माझ्याकडे पडून मरतोय."

दोघी फाटलेलं ट्रेसिंग घेऊन तशाच साहेबांच्या खोलीत गेलो. त्या खोलीत मी मालनपेक्षा जास्त बोलले, हे नमूद करते, कारण कपाट माझं होतं. मागणी साधी होती. एकच कायमची चिठ्ठी द्या. पंचवीस तारखेला जे जुने तास महिनाअखेर जाणार असतील, ते कोणाला न विचारता या कपाटाला लागतील. पंचवीसच्या आत तुमची निकड निघाली तर ती आधी.

साहेब बराच वेळ ते ट्रेसिंग उलटंपालटं बघत होते. खाली कोपऱ्यात तपासणाऱ्याची सही होती. त्यांची स्वतःची, तरुणपणची, झोकदार.

"तास पुढे ढकलायला तयार असतीस तर भांडण मिटलं असतं," ते मालनला म्हणाले.

"ते नाही जमणार, साहेब."

"माहितेय." त्यांनी पेन काढलं. "कपाटाच्या क्रमाने नको. साखर कारखान्यांचे व्हॉल्व्ह आधी. ते अजून चालतायत, सुटे भाग मागतील. पण जूनबद्दल मी शब्द देत नाही."

एप्रिलअखेर पंधरा जुने तास उरले होते, सगळे कपाटाला लागले. मे महिन्यात थोडे. कुंदाचा हात शाईवर असा बसला होता, की जुन्या ट्रेसिंगांवरची अक्षरंसुद्धा तिने डौलदार करून टाकली. एकही तास वाया गेला नाही, हे मी साहेबांच्या टेबलापाशी जाऊन मुद्दाम दोनदा सांगितलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नगरकडच्या एका साखर कारखान्याची सुट्या भागांची चौकशी आली. एरवी आम्ही फाटक्या ट्रेसिंगशी झटापट करत बसलो असतो. या वेळी मी कुंदाने उतरवलेलं कोरं करकरीत ट्रेसिंग काढलं आणि प्रिंट त्याच दिवशी उत्पादन खात्यात गेली. ऑर्डर मिळाली. साहेब नव्या कराराचा कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले. महिन्याला साठ तास, बाकी अटी होत्या तशाच.

तो कागद द्यायला मी भांडुपला गेले. मालनने दोनदा वाचला आणि पदराने चष्मा पुसत बसली. मलाही भरून आलं, लपवत नाही.

त्या दिवशी नेमकं बोर्डावर काम नव्हतं. कुंदा खिडकीपाशी पेनांच्या निबा धूत बसली होती, मध्येच खाली रस्त्यावर बघत होती. काशीराम नेहमीच्या स्टुलावर होते. मोकळ्या बोर्डाकडे आणि मग कुंदाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"मालन," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हिची आज हजेरी लागली काय?"

"लागली, बाबा. काम नसलं तरी लागते."

काशीरामांनी मान हलवली. मग स्टुलाखालून डबा काढला, उघडला, आणि कुंदाला हाक मारून म्हणाले, "ये गो, गरम आसा तोवर जेवून घे."