मिस्त्रींचा स्टॉल

आमच्या ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. बसायची लाकडी स्टुलं करतात. हात सोन्याचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण धंद्याचं डोकं म्हणाल तर आनंद आहे! गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं शेडवर येईल, अशी ह्यांची चाळीस वर्षांची श्रद्धा. येतंय कसलं डोंबल! गेल्या वर्षभरात शेडचं भाडं माझ्या शिलाईतून जात होतं.

पुतण्याचं फर्निचरचं मोठं दुकान आहे. तो किती दिवस म्हणत होता, "काका, माझ्याकडे या. महिन्याचा ठरलेला पगार घ्या, कडीकोयंडे बसवा, बास." शेवटी मीच अट घातली. तीन दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा. खर्च निघाला तर शेड राहील, नाही निघाला तर पहिल्या तारखेपासून पुतण्याचं दुकान.

"दिला शब्द," हे म्हणाले आणि परत पॉलिश मारायला लागले. ह्यांचा शब्द म्हणजे शब्द, त्यात मेख नसते.

मग हिशेबाला बसलो. स्टॉलचं भाडं साडेचार हजार. टेबल आणि दिव्याचे वेगळे नऊशे. टेम्पोचे जाऊन-येऊन हजार. पाटी, कार्डं धरून सहाशे. झाले सात हजार. हे लगेच म्हणाले, "नऊशेचं एक स्टूल. आठ विकली की सुटलो."

"आणि लाकूड काय झाडावरून थेट उडी मारून आलं?" मी म्हटलं. एका स्टुलाला लाकूड, खिळे, पॉलिश मिळून चारशे लागतात. हातात राहतात पाचशे, तेही ह्यांची मजुरी न धरता. म्हणजे चौदा विकायला हवीत. ह्यांनी आकडे पुन्हा मांडून बघितले. मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "चौदा तर चौदा." आम्ही अठरा नेली.

तिथं पोचल्यावर ह्यांनी टेबल पुढे आडवं लावलं, अठराच्या अठरा स्टुलं मागे रांगेत मांडली आणि स्वतः त्यांच्यापुढे पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. मी कपाळावर हात मारला. टेबल ढकलून कडेला लावलं, म्हणजे माणसाला आत पाय टाकता येईल. रिकाम्या खोक्यांवर चादर घालून तीन स्टुलं वरखाली ठेवली, लांबून दिसतील अशी. दोन खाली, बसून बघायला. बाकीची मागे एकावर एक रचून. प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी, कारण किंमत विचारायला निम्मी माणसं लाजतात आणि तशीच पुढे जातात. आणि नजरेच्या उंचीवर पाटी: गुडघे दुखतात? जरा बसून बघा.

माणसं बसायला लागली. अहो, रांग लागली! मला वाटलं, चौदा काय, अठरा संपतील. पण घोडं अडलं ते ह्यांच्यापाशी.

ह्यांची एक पद्धत आहे. माणूस बसला की कागदाची पट्टी जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत धरायची, वर दोन बोटं सोडायची आणि फाडायची. तेवढ्या उंचीचं स्टूल असलं तरच उठताना गुडघ्यावर जोर येत नाही. आणि तेवढ्या उंचीचं नसलं, तर हे विकतच नाहीत! एक बाई पैसे काढून उभ्या. हे म्हणतात, "ताई, हे तुम्हाला बुटकं होईल. तुमच्या मापाचं करून देतो." मी टेबलाखालून पाय मारला. हे म्हणाले, "अगं, पाय लागला तुझा."

लक्ष्मी दारात आली आणि हा माणूस तिचा गुडघा मोजतोय! मी इतकी चिडले की ह्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. पण हात रिकामे कशाला ठेवू म्हणून निघणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "तुमच्या मापाचं झालं की फोन करू का?" जे हो म्हणाले त्यांचंच नाव आणि नंबर मोबाइलमध्ये टिपून घेतला. बळजबरी कुणाला केली नाही.

तीन दिवसांत विकली गेली पाच. मापात बसलेली तेवढीच पाच माणसं निघाली.

शेवटच्या संध्याकाळी सामान भरताना मी पट्ट्या बघितल्या. ह्यांनी प्रत्येकीवर लिहिलं होतं: 'पांढऱ्या बुटांचे आजोबा'. 'हसऱ्या बाई'. 'छत्रीवाल्या, डावा गुडघा'. नाव नाही, नंबर नाही! माझ्याकडे नावं आणि नंबर, ह्यांच्याकडे बूट आणि छत्र्या. कुठली उंची कुणाची, देवच जाणे. एकाच स्टॉलवर, हातभर अंतरावर उभे राहून आम्ही दोघांनी हा गोंधळ घातला. ह्यांनी पट्ट्या गोळा करून खिशात घातल्या.

सकाळी शेडवर गेले तर हे पटाश्या फडक्यात गुंडाळत होते. एकेक पुसून, तेल लावून. मला बघून म्हणाले, "रंधा दुकानात चालेल. बाकीचं माळ्यावर ठेवू." नको म्हणावंसं वाटलं. पण अट माझीच होती, बोलणार काय?

म्हटलं, निदान ज्यांनी विश्वासानं नंबर दिला त्यांना सांगून तरी टाकावं, वाट बघू नका म्हणून. दारातल्या ओंडक्यावर बसून पहिला फोन लावला. "स्टुलाच्या स्टॉलवरून बोलतेय. माफ करा, आता स्टूल काही मिळणार नाही."

"असं कसं?" पलीकडची बाई म्हणाली. "मी आईला सांगून बसलेय! ती सारखी विचारतेय, माझं स्टूल आलं का."

"तुमच्या आई... छत्रीवाल्या का?"

"हो, डावा गुडघा. अर्धे पैसे आत्ताच पाठवू का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. पाठमोरे होते. म्हटलं, "पाठवा."

दुसऱ्याला मिळणार नाही म्हणायची जीभच होईना. सरळ विचारलं, "तुमचे बूट कुठल्या रंगाचे होते हो?" ते खो खो हसले. ते पांढऱ्या बुटांचेच निघाले, आणि त्यांना एक नाही, दोन हवी होती, बायकोला घेऊन मापाला येतो म्हणाले. काहींनी उचललं नाही, काहींनी नको सांगितलं, एकीनं तर स्टॉलच ओळखला नाही. पण दुपारपर्यंत अकरा स्टुलांचे अर्धे पैसे आले होते. पाच आणि अकरा, मोजा तुम्हीच. ज्या पद्धतीवर मी तीन दिवस दात खाल्ले, तिच्यामुळेच लोकांना आम्ही आठवत होतो.

मी पुतण्याला फोन लावला. म्हटलं, "बाळा, काका येणार नाहीत. त्यांना काम आहे."

तो म्हणाला, "काकू, पण काकांनी काल रात्रीच फोन करून हो सांगितलं. मी म्हटलं, विचार करा, दोन दिवस घ्या. तर म्हणाले, विचार कसला, तिला शब्द दिलाय. तिनं माझ्यासाठी पुष्कळ दिवस मशीन चालवली."

मी फोन ठेवला. हे कानकोंडे होऊन पटाशीचं फडकं घट्ट बांधत होते.

"अहो," मी म्हटलं, "तो तुमचा शब्द परत घ्या. मला नको."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बसून गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती, ह्यांच्या हातांना सुटेना, म्हणून मी ती दातांनी सोडवली.