सात मिनिटांत आभार बसत नाहीत

पुण्याच्या एका ट्रस्टने बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या संस्थांना इंदापुरात बोलावलं होतं. अनुदानाचे अर्ज वाचून झाले होते. आता संस्थापकाने तोंडी मागणी मांडायची होती, तीही सात मिनिटांत, आणि आपल्या कामाचं एकच फळ सांगायचं, मोजता येईल असं.

आमची संस्था म्हणजे सांगवीच्या शाळेशेजारचं पाळणाघर. धाकटं भावंड कडेवर आलं की पोरीची शाळा सुटते, म्हणून ते जूनमध्ये काढलं होतं. अनुदान मिळालं नाही तर दिवाळीनंतर बंद.

संस्थापक तात्या, चिटणीस मी. तात्यांनी जन्मात कधी व्यासपीठावरच्या प्रत्येकाला मान दिल्याशिवाय भाषण केलं नव्हतं. मी गजराचं घड्याळ ठेवून तालीम घेतली.

"तात्या, वेळ संपली. तुम्ही अजून मामलेदारांच्या वडिलांपाशीच आहात."

"मान दिल्याबिगर पैसं मागायचं? शोभतं का बाई?"

मी आभार काढून टाकले. तात्या घासाघीस करू लागले.

"पोरं गुटगुटीत झाली, ते सांगू?"

"वजनं केलीत का?"

"न्हाय."

"मग नाही."

इंदापुरात तात्या उभे राहिले, थेट आकड्यांवर आले आणि मला हायसं वाटलं. गेल्या वर्षी पहिलीत घातलेल्या वीस मुलींपैकी वार्षिक परीक्षेला सहा बसल्या. यंदाही वीसच घातल्यात, त्यांतल्या बारा बसतील, एवढंच आमचं काम. त्यासाठी दोन बायांचा पगार आणि दूध लागतं. खणखणीत बोलले. वर एक मिनिट उरलं.

तिथेच घात झाला. उरलेला वेळ वाया कसा घालवायचा? तात्यांनी हात जोडले आणि व्यासपीठाच्या डावीकडून आभार सुरू केले. अध्यक्ष मानाने शेवटी. त्यांच्या शेजाऱ्यापर्यंत पोचले आणि घंटा वाजली. तात्या पांढरेफटक होऊन खाली बसले.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मुली परीक्षेला बसल्या, हे सांगणार कोण? तुम्ही?"

"न्हाय जी. शाळेचा निकाल सांगंल. हेडमास्तर आमचं कुनी न्हाईत, उलट भांडान हाय."

"आणि बाराच्या जागी आठ बसल्या तर?"

"तर आठ सांगू. का कमी, त्येबी सांगू."

संध्याकाळी कळलं की एका वर्षाचं अनुदान मंजूर. पुढचं निकाल पाहून.

परतीच्या एस.टी.त तात्या बोटांवर काहीतरी मोजत होते. अनुदानाचा हिशोब असेल असं मला वाटलं.

"अध्यक्षांचं आभार ऱ्हायलं," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी बारा मुलींचा निकाल घेऊन जाऊ, मग माना."

तात्यांनी जरा विचार केला. "तवा तरी आठ मिनिटं देतील का?"