बावीस हजारांची नोटीस

विद्याधर सबनीस पस्तीस वर्षं हेडक्लार्क होते आणि पत्र लिहावं तर आपणच, असा त्यांचा भारी तोरा. साधी दुधाची तक्रारसुद्धा ‘उपरोक्त विषयान्वये’ सुरू व्हायची. मुलुंडच्या घरात त्यांना आवरणारी एकटी बायको, जयंती.

एप्रिलच्या मध्यावर दुपारी दारात रुक्मिणी परब उभी. नाहूरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ती मुलीसोबत तीन वर्षं राहत होती, नर्सिंग होममध्ये नर्स होती, भाडं कधी एक दिवस चुकलं नाही. तिने चावी टेबलावर ठेवली.

“सामान बांधलंय काका. डिपॉझिट तेवढं द्या.”

“का गं? झालं काय?”

“बेचाळीस हजार कुठून आणू?”

विद्याधरांना काही कळेना. तिने पर्समधून त्यांचीच नोटीस काढली. जयंतीने ती मोठ्याने वाचली: “अपरिहार्य निकडीस्तव मासिक शुल्कात रुपये बावीस हजार अशी सुधारणा तातडीने अंमलात येईल.”

“आताचे वीस आणि वरचे बावीस, बेचाळीस,” रुक्मिणी म्हणाली. “निकड म्हणजे तुम्हालाच जागा हवी. आणि तातडीने म्हणजे याच महिन्यापासून. काय चुकलं माझं?”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. विद्याधरांना फक्त दोन हजार वाढवायचे होते, तेही करार संपल्यावर.

“अगं, मग फोन करून विचारायचं ना,” ते कसेबसे म्हणाले.

“एवढं सरकारी लिहिल्यावर विचारतं कोण? माझ्या रेवतीला कुडाळला माझ्या आईकडे पाठवलं. काल शाळा सोडल्याचा दाखला काढला. पुढच्या वर्षी दहावी तिची. रडत गेली.”

माणसाने आयुष्यभर कागद रंगवावेत आणि एका कागदाने पोरीची शाळा सुटावी, ह्याला काय म्हणायचं? विद्याधर हादरलेच.

जयंतीने कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. “लिहा. मला कळेल असं.”

त्यांनी लिहिलं:

“रुक्मिणी, आताचं भाडं महिना २०,००० रुपये आहे. नवीन भाडं २२,००० रुपये होईल, म्हणजे २,००० रुपये जास्त. कारण: सोसायटीने मेंटेनन्स वाढवला आहे. आपला करार ३१ मेला संपतो. नवीन भाडं १ जूनपासून. मेपर्यंत जुनंच. मला जागा नको आहे, तू राहू शकतेस.”

रुक्मिणीने ते दोनदा वाचलं. “एवढंच होतं?” ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. दोन हजार तिला जमले असते.

जयंतीने तिला पाणी दिलं. विद्याधरांनी चावी उचलून तिच्या हातात ठेवली आणि चष्मा पुसत म्हणाले, “उद्या शाळेत मी येतो. मुख्याध्यापकांना अर्ज लिहून देतो, रेवतीला परत घ्या म्हणून.”

रुक्मिणीने नवा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“या तुम्ही काका,” ती म्हणाली. “पण अर्ज मीच लिहीन.”