आडव्या कागदावरचे उभे मथळे

सांगलीच्या वाचनालयात आल्या आल्या तात्या डावा कान टेबलाला टेकवायचे, रोज. कागदावरच्या तक्त्यातले उभे छापलेले मथळे तसेच वाचता यायचे. ग्रंथपाल उमाताई हसायच्या, "तात्या, कागद काय सांगतो कानात?"

"जागा नव्हती म्हणून उभं केलं, म्हणतो."

नाथाजी म्हेत्रे, म्हणजे तात्या, छापखान्यात तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवत होते. अरुंद रकान्यांवर शब्द उभे करण्याचं काम त्यांनीही केलेलं. आता ते पलूसहून परीक्षांसाठी सांगलीत येऊन राहिलेल्या संयोगितासाठी भरतीच्या जाहिरातींतले तक्ते सोपे करून देत. तिला दिसत नव्हतं. फोन वाचून दाखवी ते ती ऐके. पण फोटोतून मजकूर काढताना उभ्या मथळ्यांचा नुसता चिवडा व्हायचा. म्हणून तात्या दोन फोटो काढत. सरळ फोटोतून आकडे निघत. दुसरा उजवीकडे वळवला की मथळे एकाखाली एक येत, डावीकडचा सगळ्यात वर. मग प्रत्येक आकड्याआधी त्याचा मथळा लिहायचा: 'जिल्हा सांगली, अंध 1, कर्णबधिर 2.'

लिपिकभरतीची जाहिरात आली. अर्ज एकाच जिल्ह्यात करायचा होता, आणि संयोगिताच्या वयाची मर्यादा याच वर्षी संपत होती.

"सांगलीत अंधांसाठी एक जागा," तात्या म्हणाले, "साताऱ्यातही एक."

"मग सातारा. सांगलीला लय गर्दी असती."

दीड महिन्यानं अर्ज बाद झाल्याचा निरोप आला. साताऱ्यात अंधांसाठी जागाच नव्हती.

तात्यांनी कागद काढला. साताऱ्याच्या ओळीत 'अंध'खालचा चौकोन कोरा होता. कोरा चौकोन मजकुरात उतरलाच नव्हता. पुढचा, कर्णबधिरांचा 1 सरकून त्याच्या जागी आला होता. ओळीच्या शेवटची उभी रेघ यंत्रानं आणखी एक 1 म्हणून वाचली होती. सात मथळे, सात आकडे. मोजणी जुळली, म्हणून त्या एका ओळीवर त्यांनी पुन्हा बोट फिरवलं नव्हतं.

ते एकटेच साताऱ्याला गेले. तिथल्या कचेरीतल्या कारकुनानं जाहिरात पुढं सरकवली. "आजोबा, छापलंय ते बरोबरच आहे की."

"व्हय. छापलंय बरोबर."

सांगलीची मुदत कधीच संपली होती.

संयोगिताला त्यांनी कोऱ्या चौकोनाचं सगळं सांगितलं. तिनं हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "आवं तात्या, तुमी न्हाई तर कुणी वाचलं असतं?" त्यांना ते माफीसारखं वाटलं नाही.

तरी ते वाचनालयात येत राहिले. प्रत्येक कोऱ्या चौकोनात आता 'रिकामे' असा शब्द लिहीत. तीही थोडे दिवस आली. मग तिच्या भावानं तिचं सामान पलूसला नेलं. शेवटच्या दिवशी तात्यांनी तिला स्टँडवर सोडलं. पुढच्या महिन्यात ते झोपेतच गेले. पलूसला हे आठवड्यानं कळलं.

त्या दिवशी स्टँडवरून परतताना ते तिला एवढंच म्हणाले होते, "पलूसची गाडी आता पाचव्या फलाटावर लागते गं, तिसऱ्यावर थांबू नकोस."