काळ्या रंगाचं सामान

लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा एक छोटा टाकही होता. टाक म्हणजे सवतीची मूर्त. दुसरेपणाच्या बायकोनं ती गळ्यात घालायची, रोज आधी तिला हळदीकुंकू लावायचं आणि मग स्वतःला. नवं लुगडं आलं तरी पहिल्यांदा टाकाला टेकवायचं. माझी याबद्दल तक्रार नव्हती. मेलेल्या बाईशी भांडण कसलं? पण ती मेलेली आहे असं मंगरूळच्या त्या घरात कुणाला वाटतच नव्हतं.

तिचे केस गुडघ्याला टेकत, काळेभोर होते, हे मला गल्लीतल्या प्रत्येक बाईनं ऐकवलं. माझे मात्र पहिल्याच वर्षी कानशिलाजवळ पांढरे व्हायला लागले आणि वर्ष-दोन वर्षांत भांगाच्या दोन्ही बाजू पिकल्या. माझ्या आईचेही तरुणपणीच पिकले होते, पण ते कोण ऐकतं? विहिरीवर बाया उघड बोलायच्या, "सवत केस पिकवून राह्यली तिचे." सासूबाईंना सगळेच माय म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. माय यातलं काही बोलत नव्हती. पण तिनं माझ्या केसांना कधी हात लावला नाही, तेल लावून दिलं नाही. माझ्याशी बोलताना ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायची. तिकडं काय दिसत होतं देव जाणे. मला घर हवं होतं, ते आपल्याच अंगणात पाहुणीसारखं वावरण्यासाठी नव्हे.

माझी थोरली बहीण अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिला मी कळवलं आणि तिनं केस काळे करायच्या सामानाची यादी पाठवली. ती सुई टोचावी तशी लिहायची. रंगाच्या दोन बाटल्या, एक काळपट आणि एक पाण्यासारखी, आयत्या वेळीच मिसळायच्या. मऊ ब्रश. केसांचे चार भाग करून धरायला चाप. गजराचं घड्याळ. कपाळाच्या कडेला आणि कानांना लावायला व्हॅसलीन, म्हणजे कातडीवर डाग पडणार नाही, पण केसांना मात्र लागू द्यायचं नाही, नाही तर रंग बसणार नाही. मिसळायला चिनी मातीची बशी, धातूचं भांडं मुळीच नको, धातूत ते फसफसून उतरून जातं. महायुद्धामुळं रबर मिळत नव्हतं, म्हणून दवाखान्यातले वापरलेले हातमोजे तिनं स्वतःच उकळून, पावडर लावून पाठवले.

बाकीचं आणायला हे वाशीमला गेले. आमचे हे शेतीच्या व्यवहारात वाघ, पण बायकांच्या दुकानापुढं मांजर. ब्रश म्हणून दाढीचाच घेऊन आले. तो मी दोऱ्यानं आवळून चपटा केला. चाप मागितले तर दुकानदारानं विचारलं म्हणे, "लहान पोरीसाठी पाह्यजे का?" यांनी मान डोलावली. आम्हाला मूल नव्हतं. मला ते सांगताना हे हसले खरे, पण मग उठून गोठ्याकडे गेले.

कानामागं थोडा रंग लावून दोन दिवस थांबायचं, खाज किंवा सूज आली तर सगळं फेकून द्यायचं, असंही बहिणीनं बजावलं होतं. काही आलं नाही. अडचण दुसरीच निघाली. पुढचे केस माझे मला रंगवता आले असते, मागचे कोण रंगवणार? यांना सांगणं शक्य नव्हतं. शेवटी मी मायपुढं हातमोजे ठेवले.

"मी काहून?" ती म्हणाली.

"तुमच्याशिवाय कोण हाय मले?"

तिनं एक मोजा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "बरं. पन पह्यला हात तिचा."

मला वाटलं टाकाला कुंकू लावेल. आम्ही मागच्या अंगणात न्हाणीजवळ बसलो. परक्या माणसाला चहा द्यायची चिनी मातीची बशी बाहेरच्या ओट्यावरून आणली होती, विटाळ नको म्हणून माय ती घरात येऊ देत नसे. मी कपाळाला, कानांना व्हॅसलीन चोपडलं, केस विंचरून चार चाप लावले, दोन्ही बाटल्यांतलं सारखं-सारखं बशीत ओतलं. नाकात झणझणलं. मायनं मोजे चढवले, ब्रश बुडवला आणि माझ्या केसांआधी गळ्यातल्या टाकावर टेकवला.

टाक फसफसला. चांदीच्या त्या चिमुकल्या तोंडावर फेस चढला, बारीक बुडबुडे उठले, आणि माझ्या छातीवर अगदी हळू आवाज येत राहिला, कुणी दातांतून बोलावं तसा.

"माय, धातूनं होते तसं. माह्या बहिणीनं लिहिलं हाय," मी म्हटलं. कारण ठाऊक असून अंगावर काटा यायचा तो आलाच.

मायनं ऐकलं नाही. तिनं फेस पदरानं पुसला, माझ्या मागं बसली आणि मुळांपासून रंग लावायला लागली. एकेक बट उचलून, चाप काढून, पुन्हा लावून. हात सरावल्यासारखा चालत होता. या घरात पहिल्यांदाच कुणाचा हात माझ्या डोक्यावर फिरत होता आणि मला रडू येत होतं. घड्याळ लावलं. अर्धा तास ती उठली नाही. पुटपुटत होती, ते माझ्याशी नव्हतं.

गजर झाला. पाणी नितळ येईपर्यंत तिनंच डोकं धुतलं. काळे ओघळ न्हाणीच्या दगडावरून मोरीत गेले. केस उन्हात वाळले तेव्हा एकसारखे काळे होते, एक पांढरा उरला नव्हता. मी पाठमोरी उभी राहून विंचरत होते. मागून मायनं हाक मारली. ती माझी हाक नव्हती. सवतीला ती ज्या लाडाच्या नावानं बोलवायची, ते नाव होतं.

मी वळले. माय पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडं बघून हसत होती.

त्यानंतरचे दिवस माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे आणि सगळ्यात भीतीचे. तिनं माझी वेणी घातली, ताटात साय वाढली, सणाला आपल्या पाटल्या माझ्या हातात चढवल्या. विहिरीवरच्या बाया गप्प झाल्या. मी मात्र घरात चालताना मागं वळून बघायला लागले. ज्या बाईला हाकलायला मी एवढं सामान जमवलं, तिला मीच हाताला धरून आत आणलं होतं. रात्री आरशात बघायची हिंमत होत नसे.

महिन्याभरात भांगात पांढरी रेघ उगवली. वेणी घालताना मायचा हात थांबला. उठून ती आत गेली आणि उरलेल्या बाटल्या आणि ब्रश घेऊन आली.

मला एकदम राग आला. "माय, मी ती नाही," मी म्हटलं. "ती गेली. मी हाय, मी, पांढऱ्या केसाची. माह्याकडं पाहा ना जरा."

तिनं पाहिलं. तिची नजर स्वच्छ होती, खुळी नव्हती.

"मले ठाऊक हाय, बापा," ती म्हणाली. "पह्यल्या दिवसापासून ठाऊक हाय. पन तू लाव. तेवढ्यापुरती ती दिसते मले."

मी केस सोडले आणि तिच्याकडं पाठ करून बसले.